डायलिसिस विभागाचं बजेट: मागच्या वर्षावर आठ टक्के, की शून्यापासून?

खतावणी
नमस्कार मंडळी. ट्रस्टच्या ८० खाटांच्या रुग्णालयात हिशेबाचं काम बघतो. आजवर आमचं बजेट म्हणजे मागच्या वर्षाचा खर्च, त्यावर आठ टक्के, की झालं. यंदा विश्वस्तांनी ठरवलंय की प्रत्येक विभागाने शून्यापासून मांडायचं. सुरुवात डायलिसिसपासून, कारण सगळ्यात जास्त ओरड तिथेच.

माहिती अशी: ६ मशिन, दोन पाळ्या, रविवार बंद. नियमित रुग्ण २५, त्यातले १० आठवड्याला तीनदा येतात आणि १५ दोनदा. म्हणजे आठवड्याला ६० आणि वर्षाला ३,१२० डायलिसिस. रजिस्टरही तेच सांगतं. ५ रुग्ण हिपॅटायटिस सी पॉझिटिव्ह आहेत. त्यांचं मशिन वेगळं आणि त्यांचं रक्त गाळणारा डायलायझर आम्ही पुन्हा वापरत नाही. बाकीच्यांचा डायलायझर आणि ट्यूबिंग धुऊन सरासरी सहा वेळा वापरतो, निदान तसं ठरलेलं आहे.

वापराच्या मालावर (कन्झ्युमेबल्स) गेल्या वर्षी २७ लाख ४० हजार लागले. आठ टक्के वाढवले की २९ लाख ५९ हजार. वेटिंग लिस्टवर ९ रुग्ण असल्यामुळे डॉक्टरांना तिसरी पाळी हवी आहे. बजेट धर्मादाय आयुक्तांकडे वर्ष सुरू व्हायच्या महिनाभर आधी द्यायचं असतं, त्यामुळे हातात वेळ फार नाही. एवढ्या वेळात झिरो बेस करण्यात अर्थ आहे का? आणि करायचं तर सुरुवात कुठून?

जुना वाचक
नादाला लागू नका. महाराष्ट्र सरकारने १९८६ साली शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना हे करून पाहिलं आहे. कार्टरने शोधून काढलेली पद्धत, अमेरिकेतसुद्धा टिकली नाही. रेगन आल्यावर १९८१ मध्ये गुंडाळली. प्रत्येक खातं कागदांचे गठ्ठे तयार करतं आणि शेवटी आकडा तोच निघतो. आठ टक्के लावा आणि मोकळे व्हा.

वजाबाकी
जुना वाचक, साल बरोबर आहे, शोध कार्टरचा नाही. पीटर पिर यांनी १९६९ च्या सुमारास टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीत ती बसवली. कार्टर १९७१ मध्ये जॉर्जियाचे गव्हर्नर झाले, त्यांनी ती तिथून उचलली आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १९७७ मध्ये केंद्रात नेली. राज्यकारभारात ती दमली हेही खरं. हजारो कार्यक्रम आणि प्रत्येकाचे तीन-चार पर्याय, एवढं वाचायला कोणाला वेळ असतो? इथे सहा मशिन आहेत. गठ्ठा झालाच तर चार पानांचा होईल.

खतावणी, आठ टक्के चूक की बरोबर हे नंतर. ते कशावर लावताय ते आधी बघा. २७ लाख ४० हजारांत काय काय बसलंय? एक काम करा. रुग्णसंख्येवरून माल किती लागायला हवा ते काढा, तुमच्या दराने गुणा, आणि खतावणीतल्या आकड्याशेजारी ठेवा. फरक निघेलच. तो कुठून आला हे शोधणं हेच निम्मं काम आहे.

शाळेचा कारकून
आमच्या अनुदानित शाळेतही संस्थाचालकांनी हेच काढलंय म्हणून विचारतो. आमच्या खर्चाचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग पगार, तो शालार्थमधून थेट खात्यात जातो. त्याला शून्यापासून काय मांडणार? शिक्षक किती ते संचमान्यता ठरवते. ओळखीची एक जिल्हा परिषदेची शाळा आहे, तिथे समग्र शिक्षाचं संयुक्त शाळा अनुदान येतं. पटसंख्या १०१ ते २५० असेल तर ५० हजार. रक्कम वरूनच ठरलेली. मग झिरो बेस कशाचं करायचं?

वजाबाकी
पगाराचं करू नका, तो तुमच्या हातात नाही. ५० हजारांसारखी रक्कम वरून बांधलेली असते तेव्हा प्रश्न "किती लागतील" हा नसतो, "यात आधी काय" हा असतो. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर घालायचे असतात, ते बाजूला काढा. उरलेल्या ४५ हजारांच्या कामांची यादी करा, प्रत्येकापुढे खर्च लिहा आणि मुख्याध्यापकांकडून क्रम लावून घ्या. वीजबिल, खडू-कागद, प्रयोगशाळेचं साहित्य, दुरुस्ती. बेरीज ४५ हजारांवर पोचली की तिथे रेघ मारा. रेघेखालची कामं लोकवर्गणीतून होतात की राहतात ते शाळा व्यवस्थापन समितीत मांडा. एवढं पुरे. सविस्तर हवं असेल तर वेगळा धागा काढा, इथे डायलिसिस चालू द्या.

खतावणी
रविवारी बसून हिशेब केला. दर आमच्या शेवटच्या खरेदीचे आहेत, कुणी प्रमाण मानू नयेत.

पॉझिटिव्ह रुग्णांचे ६२४ डायलिसिस, म्हणजे ६२४ डायलायझर. उरलेले २,४९६ डायलिसिस, सहाने भागून ४१६. एकूण १,०४० डायलायझर, ८०० रुपयांनी ८,३२,०००.
ट्यूबिंग तितकेच संच, १५० रुपयांनी १,५६,०००.
फिस्टुला सुयांच्या ३,१२० जोड्या, ६० रुपयांनी १,८७,२००.
ए आणि बी द्रावण, दर डायलिसिसला २२० रुपये, ६,८६,४००.
हेपारिन, सलाईन, ग्लोव्हज, गॉज, डायलायझर धुण्याचं रसायन वगैरे दर डायलिसिसला १५० रुपये, ४,६८,०००.
बेरीज २३,२९,६००.

खतावणीत २७,४०,०००. फरक ४,१०,४००. स्टोअरच्या नोंदी काढून पाहिल्या. मार्चमध्ये पुरवठादाराने स्कीम दिली म्हणून २५० डायलायझर घेतले, ते अजून पेटीबंद आहेत. त्याचे २ लाख. आरओ प्लांटचे मेंब्रेन बदलले ते १ लाख २० हजार दुरुस्तीत टाकायचे सोडून वापराच्या मालात पडलेत. आणि डायलायझर प्रत्यक्षात ४१६ नाही, ५०० लागलेत, म्हणजे सरासरी सहाच्या जागी पाच वापर. ८४ डायलायझर आणि ८४ ट्यूबिंग, ७९,८००. तिन्ही मिळून ३,९९,८००. साडेदहा हजारांचा पत्ता लागला नाही.

वजाबाकी
साडेदहा हजार सोडा, त्यामागे दोन दिवस घालवण्यात हशील नाही.

आता आठ टक्क्यांनी काय झालं असतं ते बघा. पेटीत पडून असलेल्या मालावर आठ टक्के वाढ. मेंब्रेन एका वर्षाचा खर्च नव्हे, तो दरवर्षी पुन्हा होणार असं धरून त्यावरही वाढ. जुनं वर्ष पाया धरलं की त्यातला अपवाद कायमचा पाया होऊन बसतो, पुढच्या वर्षी कोणी विचारतही नाही. पाच वापर धरले तरी तुमची खरी गरज २४,०९,४०० येते. वर पाच टक्के भाववाढ धरा, २५ लाख ३० हजार. आठ टक्के लावलेल्या आकड्यापेक्षा सव्वाचार लाख कमी. शिवाय पेटीतले २५० डायलायझर आधी संपतील, त्यामुळे पहिल्या तिमाहीत रोख त्याहूनही कमी लागेल.

आणि ते "सरासरी सहा"चं काय झालं ते युनिटमध्ये विचारा. ८० हजार म्हणजे लहान गळती नाही.

मिठागर
डायलिसिस टेक्निशियन आहे. "गळती" वाचून राहवलं नाही.

खतावणी, या ३,१२० मध्ये इमर्जन्सीचे किती? नियमित रुग्ण एखादी फेरी चुकवतो, त्या खुर्चीवर आयसीयूतून आलेला रुग्ण बसतो. रजिस्टरात आकडा तेवढाच राहतो. पण त्या रुग्णाचा एचआयव्ही, हिपॅटायटिसचा रिपोर्ट हातात नसतो, म्हणून त्याला नवा डायलायझर आणि काम झालं की फेकून. बहुतेक जण एकदा-दोनदाच येतात. त्यांना सहाच्या सरासरीत धरलं तर सरासरी पडणारच.

खतावणी
रजिस्टर पाहिलं. इमर्जन्सीचे ८०.

मिठागर
मग ८० डायलायझर त्यांचे. उरलेल्या ४२० वर २,४१६ डायलिसिस झाले. भागून बघा, पावणेसहा येतं. तुमच्या युनिटने काही उधळलेलं नाही.

दुसरं, बजेटमध्ये "सहा वापर" हे लक्ष्य म्हणून लिहू नका. प्रत्येक वेळी धुतल्यावर डायलायझरच्या फायबरमध्ये किती पाणी मावतं ते मोजतात. नवा असताना जेवढं मावत होतं त्याच्या ८० टक्क्यांखाली गेलं की तो टाकायचा. कोणाचा तीन वापरांत जातो, कोणाचा आठ टिकतो. हेपारिन कमी द्यावं लागणाऱ्या रुग्णाचा लवकर जातो, कारण फायबरमध्ये रक्त गोठतं. वरून आकडा बांधून आला की आकारमानाच्या रकान्यात सगळीकडे ८२, ८३, ८१ असे एकसारखे आकडे दिसायला लागतात. तसे दिसले की समजायचं, मोजत कोणी नाहीये. आणि रुग्णाचं युरिया नीट उतरत नाही ते महिन्याच्या रिपोर्टात कळतं, म्हणजे उशिरा.

वजाबाकी
मिठागर, मान्य. गळती हा शब्द मागे घेतो. आकडा अंदाजापुरता ठेवा: नियमित पावणेसहा, इमर्जन्सी एकास एक. जाब त्यावर विचारायचा नाही.

ऑडिटवाला
एका मुद्द्यावर वजाबाकींशी वाद घालतो. तुम्ही जे केलंत ते झिरो बेस नव्हे. हे साधं प्रमाण-खर्चाचं गणित झालं, इतके डायलिसिस गुणिले इतका माल. कारखान्यात हे कायम होतं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्येसुद्धा ही पद्धत आधी कार्यालयीन आणि संशोधन विभागांना लावली, उत्पादनाच्या मालाला नाही. का? तिथे एका नगाला किती लागतं ते आधीच माहीत असतं. जिथे "हे काम करावंच का, आणि केलं तर किती प्रमाणात" हा प्रश्न असतो तिथे झिरो बेस. डायलिसिसला द्रावण लागावं का हा प्रश्नच नाही. तिसरी पाळी असावी का, हा आहे. आहारतज्ज्ञ अर्धवेळ की पूर्णवेळ, हा आहे.

वजाबाकी
पुस्तकाप्रमाणे तुमचं बरोबर असेल. पण या रुग्णालयात प्रमाण ठरलेलंच नव्हतं, मागचा आकडा होता आणि टक्का होता. जुना पाया टाकून नव्याने उभं करणं याला मी शून्यापासून म्हणतो.

ऑडिटवाला
म्हणा. पण विश्वस्तांना तेवढंच दाखवलंत तर त्यांना वाटेल झिरो बेस संपलं, आणि खरे निर्णय तसेच राहतील. मालाचं गणित एकदा नीट बसलं की पुढच्या वर्षी फक्त डायलिसिसची संख्या आणि दर बदलायचे, शून्यावर यायची गरज नाही. पॅकेज, म्हणजे खर्चासकट मांडलेले पर्याय, लिहायचे ते तिसऱ्या पाळीचे. खतावणी, आठवड्याच्या जागांचं कोष्टक आहे का? कुठल्या दिवशी किती खुर्च्या रिकाम्या?

खतावणी
पॉझिटिव्ह रुग्णांचं मशिन आठवड्याला १२ डायलिसिस करतं, पूर्ण भरलेलं. उरलेली ५ मशिन, दोन पाळ्या, म्हणजे रोज १० जागा. सोमवार १०, मंगळवार ८, बुधवार ६, गुरुवार १०, शुक्रवार ८, शनिवार ६ भरतात. सगळ्यांना सोम-गुरू हवा असतो.

ऑडिटवाला
म्हणजे ६० जागांपैकी १२ रिकाम्या, आणि डॉक्टर तिसरी पाळी मागताहेत! बुध-शनी या जोडीत चार रुग्ण सहज बसतात, मंगळ-शुक्र जोडीत दोन. नऊपैकी सहा रुग्ण एक रुपया पगार न वाढवता घेता येतील.

मिठागर
सगळ्या जागा भरू नका हो. इमर्जन्सी कुठे बसवणार? आणि एखादं मशिन बंद पडलं तर? निदान चार जागा मोकळ्या हव्यात. त्याही मंगळ-शुक्रला असून उपयोग कमी. रविवारची सुट्टी झाली की सोमवारी दम लागलेले, पोटॅशियम चढलेले रुग्ण येतात. मोकळी जागा सोमवारी हवी. सोम-गुरूच्या दोन रुग्णांना मंगळ-शुक्रला हलवा, म्हणजे सोमवारी दोन आणि गुरुवारी दोन मोकळ्या होतील. बुध-शनीत चार नवे घ्या. पण हलवताना रुग्णाला विचारून. कोणाबरोबर येणाऱ्या मुलाची सुट्टी ठरलेली असते.

ऑडिटवाला
छान. आता खतावणी, तीन पॅकेज लिहा आणि प्रत्येकात एवढंच: काय करणार, वाढीव खर्च किती, वाढीव वसुली किती, नाही केलं तर नेमकं काय होईल. आणि सगळ्यात खालचं पॅकेज आजच्या पातळीचं नको. आजच्यापेक्षा कमी लिहा, नाहीतर आजचा खर्च न तपासताच पुढे जातो. एका मशिनची पाळी बंद केली तर काय, असं काहीतरी.

मिठागर
रुग्ण कमी करायचे पॅकेज? ते कागदावरसुद्धा नको. २५ जणांतल्या कोणाचं नाव काढणार?

ऑडिटवाला
नाव काढायचं नाही. आजच्या २५ मध्ये काय काय खर्च बांधला गेलाय तो उघडा पडावा म्हणून ते लिहायचं. कोणी मंजूर करणार नाही, मलाही माहीत आहे.

वजाबाकी
इथे मी मिठागरांच्या बाजूने. जे पॅकेज कोणी निवडणारच नाही ते लिहिण्यात वेळ का घालवा? शून्यापासून मांडण्याची बदनामी अशाच कागदांमुळे झाली.

खतावणी
ते सोडून तीन मांडली.

पहिलं, आज आहे तसं: २५ रुग्ण, ३,१२० डायलिसिस, माल २४,०९,४००. दर डायलिसिसला साधारण ७७२ रुपये.

दुसरं, बुध-शनीत ४ नवे रुग्ण. वर्षाला ४१६ डायलिसिस, वाढीव माल ३ लाख २१ हजार, पगार शून्य. योजना, रोख आणि सवलतीचे सगळे धरून आमची सरासरी वसुली १,५०० रुपये. म्हणजे दर डायलिसिसला ७२८ हातात, वर्षाला ३ लाख ३ हजार.

तिसरं, उरलेल्या ५ रुग्णांसाठी रोज तिसरी पाळी. दोन टेक्निशियन २२ हजारांनी, एक आया १२ हजारांनी, वर्षाला ६ लाख ७२ हजार. डायलिसिस ५२० होतील. पगारच प्रत्येकी १,२९२ रुपये, त्यात माल ७७२. बेरीज २,०६४, वसुली १,५००. तोटा. हिशेबाने आठवड्याला १८ डायलिसिस झाले तर पगार निघतो, म्हणजे नऊ रुग्ण पाहिजेत. पाचच आहेत.

मग रद्दच करायची का?

वजाबाकी
पाच रुग्णांसाठी सहा दिवस पाळी कशाला? ५ मशिन, ५ रुग्ण. मंगळवार आणि शुक्रवार एवढ्या दोनच संध्याकाळी चालवा, १० डायलिसिस बरोबर बसतात. नेमणूक करू नका, आहेत त्या टेक्निशियनना पाळीमागे मानधन द्या. १,२०० रुपयांनी दोघे, आयाला ५००, एका पाळीचे २,९००. वर्षात १०४ पाळ्या, ३ लाख १ हजार ६००. दर डायलिसिसला ५८०, माल ७७२, एकूण १,३५२. वसुली १,५००. जेमतेम, पण तोटा नाही. आणि वेटिंग लिस्ट वाढली तर सोम-गुरू संध्याकाळ उघडता येते, पायरी-पायरीने.

हे पर्याय आठ टक्क्यांच्या पद्धतीत कधी समोर येत नाहीत बघा. तिथे "तिसरी पाळी, ६ लाख ७२ हजार, मंजूर की नामंजूर" एवढाच प्रश्न आला असता.

मिठागर
कागदावर छान. तिसरी पाळी संपेल रात्री नऊ-साडेनऊला. खेड्यातल्या रुग्णाची शेवटची एसटी गेलेली असते. डायलिसिसनंतर रक्तदाब उतरलेला माणूस स्टँडवर रात्र काढणार का? संध्याकाळी गावातलेच रुग्ण घ्या आणि बाहेरगावचे दिवसा. म्हणजे पुन्हा अदलाबदल आली. त्या दोन संध्याकाळी पाचही मशिन गुंतलेली, एक बिघडलं तर पर्याय नाही. आणि टेक्निशियनची साप्ताहिक सुट्टी शाबूत ठेवून पाळ्या लावा. दोन पाळ्या करून तिसरीला उभा राहिलेला माणूस सुई लावताना चुकतो.

विश्वस्त नको रे बाबा
एक कोपरा राहिला. वसुली १,५०० म्हणताय, पण ती कधी येते? महात्मा फुले योजनेचे दावे मंजूर होऊन पैसे जमा व्हायला वेळ लागतो, डायलायझरवाला तोवर थांबत नाही. नफ्या-तोट्याचा हिशेब बरोबर असूनही तीन महिन्यांनी पुरवठादाराचं बिल थकतं. महिन्यागणिक रोखीचा तक्ता जोडा, नाहीतर पहिल्या तिमाहीतच ओरड.

शिवाय धर्मादाय रुग्णालय असाल तर निर्धन रुग्ण निधीत बिलाच्या २ टक्के जमा करावे लागतात आणि त्या निधीतून निर्धनांचे डायलिसिस करता येतात. १,५०० ची सरासरी काढताना तो निधी कुठे धरलाय तपासा. दोनदा धरला गेला तर वसुली फुगते.

खतावणी
निधी वसुलीत धरलेला नाही, वेगळ्या खात्यात आहे. रोखीचा तक्ता करतो.

आणखी एक अडचण. दुसरं पॅकेज मंजूर झालं तर माल ३ लाख २१ हजारांनी वाढेल. मागच्या वर्षी असंच रुग्ण वाढले तेव्हा "ओव्हर बजेट" म्हणून डॉक्टरांना झापलं होतं.

ऑडिटवाला
बजेट एका रकमेत मंजूर करून घेऊच नका. दर डायलिसिसला ७७२ (भाववाढीसह ८१०) हा दर मंजूर करून घ्या, आणि दर महिन्याला झालेल्या डायलिसिसने गुणून तुलना करा. रुग्ण वाढल्यामुळे खर्च वाढला तर तो ओव्हर नाही. दर ८१० वरून ८७० झाला तर विचारा. मात्र तुलना खरेदीशी नको, वापराशी. स्टोअरमधून युनिटला दिलेला माल धरायचा, नाहीतर मार्चमधली स्कीम पुन्हा घात करेल.

द्रावणाने पटकन तपासता येतं. मिनिटाला ५०० मिली, चार तास, म्हणजे १२० लिटर डायलायझेट. ३५ पट सौम्य होणारं ए द्रावण असेल तर त्यातलं साडेतीन लिटरच्या आसपास, सुरुवातीची धुणी धरून चार. दहा लिटरच्या कॅनमध्ये अडीच डायलिसिस. महिन्याला २६० डायलिसिस, तर शंभर-एकशेपाच कॅन लागायला हवेत. सव्वाशेच्या पुढे गेले तर उरलेलं द्रावण कॅनसकट ओतलं जातंय किंवा कॅन भलतीकडे जातायत.

मिठागर
किंवा रुग्ण चारच्या जागी पाच तास ठेवला जातोय. किंवा डॉक्टरांनी प्रवाह ८०० केलाय. आधी विचारा, मग संशय घ्या.

शून्यापासून मांडताना एक धोका कोणी बोललं नाही. मागचा आकडा घेतला की विसरायला होत नाही, कारण तो आत असतोच. कोऱ्या कागदावर विसरतं. पाण्याची जंतू आणि एंडोटॉक्सिन तपासणी, रुग्णांच्या हिपॅटायटिस-एचआयव्हीच्या ठरावीक काळाने होणाऱ्या चाचण्या, हिपॅटायटिस बीची लस. चाचण्या तुमच्याच लॅबमध्ये होतात म्हणून डायलिसिसच्या खात्यात दिसत नसतील. चार नवे रुग्ण आले की लॅबचा किट खर्च वाढणार.

खतावणी
पाणी तपासणी दुरुस्तीच्या खात्यात सापडली. चाचण्या खरंच कुठेच नाहीत, लॅब सोसते.

वजाबाकी
सध्या लॅबमध्येच ठेवा, पण चार रुग्णांच्या पॅकेजमध्ये लिहा. आणि पाणी तपासणी पहिल्या पॅकेजमध्येच, सगळ्यात वर. क्रम लावायची वेळ आली की काही विभागप्रमुख मुद्दाम अत्यावश्यक गोष्ट शेवटी ठेवतात. विश्वस्त घाबरून रेघ खाली सरकवतात आणि मधलं सगळं आपोआप मंजूर होतं. यादीत शेवटी सुरक्षिततेची बाब दिसली की समजा, डाव आहे.

जुना वाचक
इतकं दरवर्षी करणार का? नाही होणार. पुढच्या वर्षी पुन्हा आठ टक्के.

ऑडिटवाला
दरवर्षी करूही नये. एका वर्षी डायलिसिस, पुढच्या वर्षी लॅब, मग ऑपरेशन थिएटर. ज्याची पाळी नाही त्याचं मागच्या वर्षावरूनच करा, पण अपवाद काढून टाकलेल्या मागच्या वर्षावरून. मध्येच नवं मशिन आलं किंवा पुनर्वापर बंद करायचं ठरलं तर पाळी नसतानाही उघडा.

खतावणी
पुनर्वापर बंद करायची मागणी आमच्या डॉक्टरांची आहेच. २,४९६ डायलिसिसना आज ५०० डायलायझर जातात, तेव्हा तितकेच २,४९६ लागतील. म्हणजे डायलायझर आणि ट्यूबिंग मिळून १९ लाखांच्या आसपास वाढ. धुण्याचं रसायन आणि त्यासाठी लागणारा माणूस वाचेल, पण तेवढा नाही. हे चौथं पॅकेज म्हणून लिहू का?

मिठागर
लिहा. ८०० रुपये हा महिन्याला नव्वद-पंचाण्णव नग घेण्याचा दर आहे. महिन्याला अडीचशे घेणार असाल तर दोन-तीन पुरवठादारांकडून नवे दर मागवा, मग गुणाकार करा.